दोघांची कथा, ठरलेला काळोख

23 मे 1984 या दिवशी अमेरिकेत 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हा चित्रपट लागला. त्यात अमरीश पुरींचा मोला राम एका बांधलेल्या माणसाच्या छातीत हात घालतो आणि त्याचं धडधडतं हृदय बाहेर काढतो. तो माणूस जिवंत असतो आणि स्वतःच्याच हृदयाकडे पाहत असतो. चित्रपटाला 'पीजी' प्रमाणपत्र होतं, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी पाहायला हरकत नाही. पालकांनी विश्वासाने मुलांना नेलं, आणि मग तक्रारींचा पाऊस पडला.

हा चित्रपट ज्या जोडीचा, त्यांनीच तीन वर्षांपूर्वी याच मालिकेचा पहिला भाग केला होता. कथेचा कर्ता जॉर्ज ल्यूकस, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. पहिल्या भागाची पटकथा लॉरेन्स कॅस्डनची होती. दुसऱ्या भागाच्या वेळी ल्यूकसला सूर पुष्कळ काळोखा हवा होता. 'स्टार वॉर्स'चा दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा गडद होता, तसंच इथेही व्हावं असं त्याच्या मनात होतं. त्याच काळात त्याचा घटस्फोट होत होता आणि त्या मनःस्थितीचा परिणाम कथेवर झाला, हे त्याने स्वतः नंतर सांगितलं आहे. कॅस्डनला ही कथा रुचली नाही, त्याने लिहायला नकार दिला. विलार्ड ह्यूइक आणि ग्लोरिया कॅट्झ या जोडप्याने पटकथा लिहिली. पुढे स्पीलबर्गनेही हा चित्रपट आपल्याला फार काळोखा वाटतो असं उघडपणे म्हटलं.

सहलेखनातला हा फार जुना आणि नेहमीचा पेच आहे. दोघांनी मिळून एक कथा सुरू केलेली असते. कुणासाठी लिहायचं, काय दाखवायचं, काय नाही, हे ठरलेलं असतं. मध्येच एकाला वाटतं, की हे फार गुळमुळीत होतंय, आता कुणीतरी मरायला हवं, रक्त दिसायला हवं. त्याचं म्हणणं अनेकदा अगदीच चूक नसतं. पण ते तसंच्या तसं मान्य केलं तर कथा मोडते, आणि नुसतं 'नाही' म्हटलं तर जोडी मोडते. दोन्ही टाळायचं तर काय करावं लागतं, ते एक उदाहरण तपशिलात घेऊन पाहू.

त्याआधी त्याच मालिकेच्या पहिल्या चित्रपटातला, 1981 च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधला एक प्रसंग सांगायला हवा. शेवटी खलनायकांचा नाश होतो, तेव्हा एकाचं डोकं अक्षरशः फुटतं. ते जसंच्या तसं दाखवलं तर चित्रपट मुलांना पाहता येणार नाही असं प्रमाणपत्र मिळणार होतं. कर्त्यांनी प्रसंग काढला नाही. त्या डोक्यावर आगीचा एक लोळ चढवला. घडायचं ते घडलं, प्रेक्षकाला कळलंही, पण मध्ये ज्वाळांचा पडदा राहिला आणि 'पीजी' प्रमाणपत्र टिकलं. तीन वर्षांनी हृदय काढतानाच्या प्रसंगात असा पडदा नव्हता. तिथे कॅमेरा थांबला आणि बघत राहिला.

एकत्र गोष्ट रचणाऱ्यांच्या आणखी एका जगात यासाठी नेमके शब्द तयार झाले आहेत. टेबलाभोवती बसून पाच-सहा जण बोलत बोलत एक कथा घडवतात, असे रोल-प्लेइंग खेळ अमेरिकेत 1970च्या दशकापासून खेळले जातात. रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकाराने त्यात दोन कल्पना रूढ केल्या, रेषा आणि पडदा. रेषेपलीकडची गोष्ट कथेत येतच नाही. पडद्यामागची गोष्ट कथेत घडते, तिचे परिणाम होतात, पण ती दाखवली जात नाही. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक जण आपल्या रेषा आणि आपले पडदे सांगतो. एखादी रेषा का आहे, याचं कारण देण्याची कुणावर सक्ती नसते. ज्याच्या घरात अलीकडे मृत्यू झाला आहे, त्याने तो इतरांसमोर उलगडून मांडल्याशिवाय 'हे नको' म्हणता येऊ नये, हे बरोबर नव्हे.

दोघांच्या लेखनात मला या दोन कल्पना सर्वांत उपयोगी वाटतात, कारण त्यांच्यामुळे 'दाखवायचं की नाही' या एका प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. घडू द्यायचं का? आणि घडू दिलं तर कुठून पाहायचं? सहलेखक जेव्हा अचानक काळोख मागतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला पहिल्या प्रश्नाचं 'हो' हवं असतं आणि तो हट्ट मात्र दुसऱ्यावर धरतो.

आता उदाहरण. ते रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट कुमारांसाठीच्या क्रमशः कथांमध्ये या ना त्या रूपात घडत असते. एक लेखिका आणि तिचा सहलेखक दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सोळा भागांची रहस्यकथा लिहीत आहेत. विषम भाग तिचे, सम भाग त्याचे. कोकणातलं खाडीकाठचं गाव, बारा वर्षांची मनू आणि तिची आजी. गावाला पलीकडे नेणारी तर चालवणारे भिकूतात्या एके दिवशी दिसेनासे होतात. रात्री खाडीत सक्शन पंप लावून चोरून रेती उपसणाऱ्यांना त्यांनी पाहिलेलं असतं.

लिहायला बसण्याआधी दोघांनी एका पानावर ठराव लिहून काढला. रेषा तीन होत्या. पानावर मुलांना मारहाण नाही, प्राण्यांचा छळ नाही, आत्महत्या नाही. पडदा एक होता. मृत्यू होऊ शकतो, पण मनू प्रेत पाहणार नाही आणि प्रेताचं वर्णन येणार नाही. सुराबद्दलही तीन वाक्यं होती. निवेदकाला मनूइतकंच कळतं, त्याहून जास्त नाही. प्रत्येक भागात एक तरी जागा हसू येणारी. आणि भाग कितीही भीतीच्या जागी संपला, तरी शेवटच्या ओळीत मनू एकटी नसते.

सुराबद्दलची ही वाक्यं किती ठोस आहेत पाहा. 'सूर हलकाफुलका ठेवू' किंवा 'फार भडक नको' असं लिहिलं असतं, तर भांडण पहिल्याच फेरीत सुरू झालं असतं. भडक म्हणजे किती, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. शेवटच्या ओळीत मनू एकटी आहे की नाही, हे मात्र कुणालाही बोट ठेवून दाखवता येतं.

सहा भाग छापून झाले होते, सातवा गेला होता. आठवा भाग सहलेखकाकडून आला. बाराशे शब्दांचा, नेहमीप्रमाणे चांगला बांधलेला. पण मधल्या दोनशे शब्दांत मनू ओहोटीच्या वेळी कांदळवनात शिरते आणि तिला भिकूतात्यांचं प्रेत सापडतं. फुगलेलं अंग, चेहऱ्यावर चढलेले खेकडे, उघडे डोळे, सगळं तपशिलाने होतं. भाग तिथेच संपत होता. मनू एकटी होती.

लेखिकेने काय करायला हवं? मजकुराला हात लावण्याआधी फोन. दुरुस्त्या करून पाठवलेल्या मजकुरात प्रत्येक खोडलेली ओळ समोरच्याला नकार वाटते, आणि नकारांची रांग लागली की माणूस ओळींचा बचाव करू लागतो. त्याला मुळात काय हवं होतं ते बाजूला पडतं. फोनवर विचारायचा प्रश्न 'हे का लिहिलंस?' असा नसावा, कारण तो आरोपासारखा ऐकू येतो. विचारायचं असं, की "या प्रसंगाने वाचकाचं काय व्हायला हवंय?"

सहलेखकाचं उत्तर असं आलं. "अगं, सात भाग झाले. ते रेतीवाले नुसते अंधारात पंप चालवतायत. त्यांना कोण घाबरणार? मनूचं आत्तापर्यंत काय गेलंय सांग. काहीच नाही. पोरं वाचायचं सोडतील."

आणि हे खरं होतं. सात भागांत कुणाचं काही गेलं नव्हतं. खलनायकांचं नाव होतं, आवाज होता, पण त्यांनी केलेल्या कशाचीही किंमत मनूने मोजली नव्हती. हा कथेतला खराखुरा दोष होता आणि तो सहलेखकाला आधी जाणवला होता. अचानक आलेल्या काळोखाच्या मागणीमागे पुष्कळदा अशीच तक्रार असते. काही जण मधल्या भागांना कंटाळलेले असतात, काहींनी नुकतंच काहीतरी गडद वाचलेलं असतं, काहींच्या आयुष्यातच काहीतरी चाललेलं असतं. पण कथेत धोका पोकळ झाला आहे ही तक्रार सर्वांत जास्त वेळा निघते. त्यामुळे तिची शहानिशा आधी करावी.

इथे लेखिकेने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. "तुझं म्हणणं पटलं. आठव्या भागात काहीतरी कायमचं जायला हवं, आणि वाचकाला त्या लोकांची भीती वाटायला हवी. प्रेत मात्र पडद्यामागेच. तो ठराव आपण आठव्या भागासाठी बदलायचा नाही. बदलायचा असेल तर वेगळं बसून बदलू. आज हा भाग ठरावात बसवू." तिने त्याच्या हेतूला होकार दिला आणि त्या हेतूसाठी निवडलेल्या साधनाला नकार. दोन्ही एकाच बोलण्यात आलं, आणि ठराव बदलण्याची वाटही तिने बंद केली नाही.

मग मजकूर. दोघांनी आठवा भाग परिच्छेदागणिक वाचला आणि प्रत्येकासमोर खूण केली. राहील, पडद्यामागे जाईल, निघेल. बाराशेपैकी हजार शब्द 'राहील'मध्ये गेले. ओहोटी, चिखलात रुतणारे पाय, पंपाच्या डिझेलचा पाण्यावरचा तवंग, मनूची हट्टी चाल. हे सगळं चांगलं होतं आणि कुठल्याही रेषेला लागत नव्हतं. असं बहुतेक वेळा होतं. आधी वाटतं अख्खा भागच हाताबाहेर गेला, आणि खुणा केल्यावर दिसतं की प्रश्न एका छोट्या तुकड्याचा आहे. हे डोळ्यांनी दिसलं की दोघांचेही आवाज खाली येतात.

त्या दोनशे शब्दांच्या जागी काय आलं, ते असं:

"चिखलात चंची पडली होती. मनूने ती उचलली. आतली सुपारी भिजून फुगली होती. भिकूतात्या चंचीच्या दोरीला एकच वेढा द्यायचे आणि टोक आत खोचायचे. 'गाठ मारली तर म्हाताऱ्याच्या बोटांना सुटत नाय गो,' म्हणायचे. या चंचीला तीन गाठी होत्या. एकावर एक, करकचून."

इथे कुणी मेलेलं नाही. पण त्या गाठी तात्यांनी मारलेल्या नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, जोर असलेल्या हातांनी मारल्या आहेत. वाचणाऱ्या मुलाला हे मनूबरोबरच कळतं, आणि ते हात कसे असतील हे त्याचं तोच ठरवतो. रेतीवाले आठव्या भागात पहिल्यांदा माणसं झाले. शिवाय रहस्याला एक खरा धागा मिळाला, जो प्रेताने मिळाला नसता. प्रेत सापडलं की शोध संपतो. चंची सापडली की तो सुरू होतो.

भागाचा शेवट ठरावाप्रमाणे झाला. बांधावरून आजीची हाक येते आणि मनू चंची परकराच्या खिशात खुपसून वळते. ती घाबरलेली आहे, पण एकटी नाही. हसण्याची जागा सहलेखकाच्या मूळ मजकुरातच होती. मनूची एक चप्पल चिखल गिळतो आणि ती चपलेशी भांडते. आधीच्या मसुद्यात हा प्रसंग प्रेतानंतर आठवला की बेसूर वाटत होता. आता तो जागेवर बसला.

मृत्यूही वगळला गेला नाही. सहलेखकाला तो हवा होता आणि ठरावात त्याला जागा होती. दहाव्या भागात, जो सहलेखकाचाच होता, धक्क्यावर बोलत उभी असलेली माणसं मनू जवळ येताच गप्प होतात. घरी आजी चुलीवरचा चहा उतरवते आणि दोनच कप मांडते. आजवर ती तात्यांसाठी तिसरा मांडत आली होती. कुणी काही सांगत नाही. दहा वर्षांच्या वाचकाला कळतं, आणि ज्याला अजून कळायचं नाही त्याला पुढच्या भागात आजी सांगते.

सूर म्हणजे काय, हे या दोन मसुद्यांवरून हाताशी येतं. घटना तीच आहे, भिकूतात्या गेले. बदललं ते एवढंच, की आपण किती जवळ उभे आहोत, तिथे किती वेळ थांबतो, कुणाच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्यानंतर लगेच काय येतं. प्रेताच्या मसुद्यात आपण वीतभर अंतरावर होतो, दोनशे शब्द थांबलो होतो, बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी पाहत होतो आणि त्यानंतर आठवडाभराची रिकामी वाट होती. सहलेखकाशी 'फार काळोखं आहे' असं बोलण्यापेक्षा या चारांपैकी काय बदलायचं ते बोलावं. 'काळोखं' यावर वाद होतो. 'दोनशे शब्द थांबलोय, चाळीस करूया' यावर काम होतं.

1984 च्याच उन्हाळ्यात आलेल्या 'ग्रेमलिन्स'मध्येही हेच दिसतं. ख्रिस कोलंबसचा पहिला मसुदा फारच क्रूर होता. त्यात नायकाच्या आईचं तुटलेलं डोकं जिन्यावरून गडगडत येत होतं आणि घरातल्या कुत्र्याला ते प्राणी खात होते. स्पीलबर्ग निर्मात्यांपैकी होता, जो डांटे दिग्दर्शक. चर्चांनंतर आई वाचली, कुत्राही वाचला. पण एक भाषण राहिलं. नायिका शांतपणे सांगते, की लहानपणी नाताळला तिचे वडील सांताक्लॉज होऊन धुराड्यातून उतरायला गेले आणि तिथेच मेले. स्टुडिओला ते नको होतं, स्पीलबर्गलाही फारसं आवडलं नव्हतं. डांटेने आग्रह धरला आणि स्पीलबर्गने दिग्दर्शकाचा शब्द मानला. पाहिलेल्या लोकांना चित्रपटातलं सर्वांत अंगावर येणारं तेच आठवतं, आणि त्यात दिसत काहीच नाही. एक मुलगी बोलते, एवढंच.

आता हे बिघडतं कुठे, ते पाहू. सर्वांत घातक वाट म्हणजे कथेच्या आतूनच लढणं. प्रेताचा आठवा भाग तसाच छापून गेला आणि लेखिकेने नवव्या भागात लिहिलं, की ते प्रेत दुसऱ्याच कुणाचं होतं, किंवा मनूला स्वप्न पडलं होतं. मग दहाव्यात सहलेखक तात्यांना पुन्हा मारणार. वाचकाला लेखकांचं भांडण माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं, की या कथेत घडलेल्या कशावर विश्वास ठेवता येत नाही. एकदा हे झालं की पुढच्या कुठल्याच धोक्याने त्याला भीती वाटत नाही, म्हणजे सहलेखकाची मूळ तक्रार दुप्पट होऊन परत येते.

दुसरी वाट दिसायला समजूतदारपणाची आहे. "बरं, प्रेत ठेव, पण एकाच ओळीत." ही घासाघीस आहे. पुढच्या वेळी ती एक ओळ हा पाया ठरतो आणि मागणी तिथून सुरू होते. तेराव्या भागापर्यंत ठरावाचं पान शिल्लक असतं, ठराव मात्र उरलेला नसतो, आणि तो नेमका कधी गेला हे दोघांनाही सांगता येत नाही. पडदा म्हणजे पडदा. त्यातून थोडंसं दिसायचं असेल तर तो पडदा कसा आहे, हे ठरावात बदलून लिहावं, प्रसंगात नाही.

तिसरी चूक सावध लेखकाकडून होते. सहलेखकाचा भाग गडद आला म्हणून आपला भाग जास्तच गोड करायचा. आठव्यात चिखल आणि गाठी, नवव्यात वनभोजन आणि गाणी. भाग वेगवेगळे वाचले तर दोन्ही चांगले असू शकतात. एकापाठोपाठ वाचले तर कथा हिंदकळते. याची एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक भागाचं शेवटचं पान काढून ओळीने ठेवावं, लेखकांची नावं झाकावी आणि कथेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावं. कुठलं पान कुणाचं हे तिला ओळखता आलं, तर सूर दोन झाले आहेत. नुसत्या शेवटांवरून हे दिसतं, कारण माणूस मधल्या मजकुरात स्वतःला आवरतो आणि शेवटाला सैल सोडतो.

याचा अर्थ ठराव कधीच बदलू नये असा नाही. 'हॅरी पॉटर'ची पुस्तकं 1997 ते 2007 या दहा वर्षांत उत्तरोत्तर काळोखी होत गेली, आणि पहिल्या पुस्तकाचे वाचक तोवर स्वतःही मोठे झाले होते. पण तो बदल पुस्तकागणिक होता, एका प्रकरणात नव्हता. क्रमशः कथेत ठराव बदलायचा झाला तर मी तीन गोष्टी पाहते. दोघांनाही तो मनापासून हवा आहे का? एकाने हवा म्हटलं आणि दुसरा थकून 'बरं' म्हणाला, तर तो बदल नव्हे. पुढच्या काळोखाची पावलं आधीच्या भागांत दिसतात का? आधीचे भाग छापून गेले असतील तर ती आता उमटवता येत नाहीत, आणि मग निदान दोन-तीन भाग तयारीला द्यावे लागतात. आणि ज्याला आपण ही कथा देऊ केली, तो वाचक अजून तोच आहे का? बदल केल्यावर दहा वर्षांच्या मुलाला ही कथा देता येणार नसेल, तर ते प्रकाशकाला आणि पालकांना आधी सांगायला हवं, भाग छापून आल्यावर नाही.

हेच शब्द पडद्यासाठी लिहिले जात असतील, तर हा प्रश्न दोघांपुरता राहतच नाही. 2021 मधल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार आपल्याकडे ऑनलाइन मालिकांना वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. सर्वांसाठी, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी, आणि फक्त प्रौढांसाठी. वर्ग ठरवताना हिंसा, भाषा, अमली पदार्थ हे तर पाहिलं जातंच, पण विषय कसा हाताळला आहे आणि सगळ्याचा मिळून सूर आणि परिणाम काय होतो, हेही पाहायला सांगितलं आहे. मुलं अनुकरण करतील अशा धोकादायक कृतींना वरचा वर्ग मिळतो. त्यामुळे 'एकच प्रसंग तर आहे' हा युक्तिवाद तिथे तोकडा पडतो. त्या एका प्रसंगाने मालिकेचा वर्ग बदलू शकतो, आणि वर्ग बदलला की ज्या मुलांसाठी ती लिहिली त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

अमेरिकेत 1984 साली नेमकं हेच झालं. 'टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' यांवरच्या तक्रारींनंतर स्पीलबर्गनेच सुचवलं, की मुलांचे आणि मोठ्यांचे चित्रपट यांच्यामध्ये आणखी एक वर्ग असावा. 1 जुलै 1984 पासून 'पीजी-13' हा वर्ग सुरू झाला. कर्त्यांनी आपसात जी सीमा आखायला हवी होती, ती शेवटी संपूर्ण उद्योगासाठी बाहेरून आखली गेली.

दोघांनी लिहायला बसताना म्हणून एवढं करावं. रेषा, पडदे आणि सुराची दोन-तीन तपासता येतील अशी वाक्यं एका पानावर लिहावीत, खाली तारीख घालावी, आणि हा ठराव कसा बदलायचा तेही त्याच पानावर लिहावं. 'दोघांच्या संमतीने, भाग लिहायला घेण्याआधी' एवढं वाक्य पुरतं. आठव्या भागासारखा प्रसंग येईलच. तेव्हा आधी बोलावं, मग मजकूर उघडावा. आणि काढलेले ते दोनशे शब्द सहलेखकाने पुसून टाकू नयेत. कांदळवनातलं ते प्रेत चांगलं लिहिलेलं होतं. मोठ्यांसाठीच्या एखाद्या कथेची ती सुरुवात असू शकते, आणि ती कथा त्याने एकट्याने, आपल्या ठरावाने लिहावी.